कंसातली जागा

त्या रेकॉर्डिंगमध्ये मेलेल्या माणसाचा आवाज नव्हता. मारणाऱ्याचाही नव्हता. होता तो बघणाऱ्याचा, आणि तो बोलता बोलता तळहात टेबलावर आपटत होता. ‘आसी’ म्हणायचा, म्हणजे ‘असं’, आणि धाड. पुन्हा ‘आसी’, पुन्हा धाड. हेडफोन लावल्यावर तो आवाज थेट कानशिलात बसायचा. मी [टेबलावर हात आपटतो] असं कंसात लिहिलं आणि उठून पाणी प्यायले. रेकॉर्डिंग लिहून काढणाऱ्याला एकेक वाक्य इतक्यांदा मागे नेऊन ऐकावं लागतं, की थोड्या वेळाने आपणच त्या मारामारीत उभे आहोत असं वाटायला लागतं.

मी मिरजेत राहते आणि स्पॅनिशचं काम करते. ‘मिरजेत स्पॅनिश?’ असं विचारणाऱ्यांना उत्तर देणं मी केव्हाच सोडलंय. पुण्यात शिकले, काही वर्षं शिकवलं, मग घरी बसून परदेशी कंपन्यांच्या मुलाखती लिहून काढायला लागले. मागच्या भिंतीपलीकडे एक तंबोरे करणारे कारागीर राहतात. ते तारा जुळवत असतात आणि मी इकडे कुठल्या तरी डॉक्टरच्या नाहीतर शेतकऱ्याच्या तोंडचं बोलणं टिपत असते. हे काम शांत असतं, असा माझाही समज होता.

कुपवाडच्या एका कारखान्यात साखर कारखान्यांची यंत्रं बनतात. त्यातलं एक ग्वाटेमालाला जायचं होतं, म्हणून तिथले दोन तंत्रज्ञ तपासणीला आले होते. त्यांच्या डोळ्यांदेखत वर्कशॉपमध्ये मारामारी झाली. सुपरवायझर आणि दोन फिटर. सुपरवायझरच्या डोक्यात पाइप पाना बसला. मिरजेच्या दवाखान्यात नेलं, पण माणूस हाती लागला नाही. दोन्ही फिटर पंचविशीच्या आतबाहेरचे. त्यातल्या तासगावकडच्या एकाच्या शर्टावर रक्त होतं, त्याला पोलिसांनी उचललं. पडलेल्या माणसाला मी उचलत होतो, म्हणून रक्त लागलं, असं तो म्हणाला. दुसरा म्हणाला, मी हात लावला नाही, मारलं ते यानेच.

राहिले पाहुणे. त्यांचं विमान ठरलेलं होतं, म्हणून पोलिसांनी घाईघाईने कारखान्याच्याच मीटिंगच्या खोलीत त्यांना बसवलं, फोनवर रेकॉर्डिंग चालू केलं आणि दुभाष्या म्हणून कंपनीच्याच मार्केटिंगमधल्या एका गृहस्थाला धरलं. त्यांचं स्पॅनिश ऑर्डर घेण्यापुरतं. त्यातून जो मराठी जबाब तयार झाला, तो कसा ठसठशीत होता: ‘त्या पोराने सुपरवायझरच्या डोक्यात पाना मारल्याचे मी समक्ष पाहिले.’ तासगावचा पोरगा आत गेला. पुढे त्याच्या वकिलाने अर्ज केला, की मूळ रेकॉर्डिंग शब्दन् शब्द लिहून काढावं आणि त्याचं भाषांतर व्हावं. कोर्टाने मान्य केलं, आणि शोधत शोधत ते काम माझ्या दारात आलं.

एरवी कंपन्यांना स्वच्छ मजकूर लागतो. अडखळणं, ‘अं… ते… आपलं’ सगळं गाळून सरळ वाक्यं द्यायची. मशीनही हल्ली तेच करतं, माणसाच्या बोलण्याला इस्त्री करून देतं. पण खुनाच्या खटल्यात इस्त्री चालत नाही. मी ती फाइल कुठल्या मशीनच्या तोंडी दिली नाही. आधी स्पॅनिश जसंच्या तसं उतरवायचं, प्रत्येक अडखळणं, प्रत्येक अर्धं तुटलेलं वाक्य, दोघं एकदम बोलले तर तेही. कोण बोलतंय ते दर ओळीला: बोलणारा एक, बोलणारा दोन, विचारणारा. ऐकू येत नसेल तिथे वेळेची नोंद आणि कंसात ‘अस्पष्ट’. मग मराठी.

थोरला तंत्रज्ञ यंत्राबद्दल बोलताना घडाघडा बोलत होता. दाब किती, कुठे गळती, सगळं एका दमात. मारामारीचा विषय निघाला आणि त्याची जीभ जड झाली. ‘एस्ते… पुएस… ओ सेआ…’ आपण म्हणतो ना, ‘ते हे… म्हणजे… आपलं…’ तसंच. मी तसंच लिहिलं. तपास अधिकारी पहिली पानं बघून वैतागले, हे काय सारखं म्हणजे-म्हणजे, वाचवत नाही, काढून टाका म्हणाले. मी सांगितलं, तो जिथे अडखळला तिथे मराठीतही अडखळणार, तुम्हाला वाचवत नसेल तर मोठ्याने वाचा. माझं तोंड असंच आहे. त्यांनी डोळे वटारले, पण पानं ठेवून घेतली.

काही शब्द खास त्यांच्या मुलखातले होते. पोराला तो ‘पातोहो’ म्हणत होता. माद्रिदच्या माणसाला हा शब्द चटकन कळायचा नाही. ग्वाटेमालातली एक बाई माझ्या ओळखीची आहे, माझ्यासारखंच काम करते. तिला मी रेकॉर्डिंग पाठवलं नाही, प्रकरण सांगितलं नाही, नुसता शब्द विचारला. तिने सांगितलं, लहान मूलही पातोहो आणि पंचविशीचा गडीही पातोहो. म्हणजे दोन्ही फिटर त्यात बसत होते. मी मजकुरात मूळ शब्द ठेवला आणि खाली टीप दिली. आणखी एक विचारलं: तो सारखा ‘फीहेसे के’ असं सुरू करतो, ते काय? ती म्हणाली, शब्दश: ‘बघा’, पण आमच्याकडे कुणी असं सुरू केलं की ओळखायचं, आता काही तरी नको असलेलं ऐकायचंय. मी त्याला ‘त्याचं असं झालं बघा’ केलं.

आणि मग ती जागा आली, जिच्यावर सगळं प्रकरण टांगलेलं होतं. मराठीत ती अशी झाली: ‘त्याचं असं झालं बघा… म्हणजे… तो पातोहो तिथं… तिथंच होता, हो ना, आणि मग, हे… आपलं… [अस्पष्ट]… त्याने त्याला हाणलं.’

नेमकं त्या घटकेला मीटिंगच्या खोलीच्या भिंतीपलीकडे कुणी तरी ग्राइंडर चालू केला होता आणि माणसाचा आवाज तळाला गेला होता. हळू करून ऐकलं, दुसरे हेडफोन लावून ऐकलं, दिवसाआड ताज्या कानाने ऐकलं. काही म्हणता काही नाही. कोणाचं तरी वर्णन होतं एवढं कळत होतं, कोणाचं ते नाही. जबाबात त्या दुभाष्या गृहस्थांनी ‘त्या पोराने’ असं खुशाल भरून टाकलं होतं. मी त्यांना फोनवर विचारलं, तर म्हणाले, अहो मॅडम, उघडच आहे की, दुसरं काय म्हणणार तो? आणि त्यांनी ते म्हटल्यावर पुन्हा ऐकलं, तर मला तसंच ऐकू यायला लागलं. मग मुद्दाम मनात दुसऱ्या फिटरला धरून ऐकलं, तर तोही ऐकू आला. माणसाचा कान इतका लाचार असतो. माझ्या डोक्यात तिडीक गेली. या गाळलेल्या जागेवर एक पोरगा तुरुंगात बसला होता. मी ‘अस्पष्ट’ लिहिलं, वेळ लिहिली, खाली सही केली आणि दिलं.

ती प्रत पोराच्या वकिलाकडे गेली, आणि वकिलाकडून बापाला कळलं. भर दुपारी एक जीप गल्लीत येऊन थांबली. चार-पाच माणसं उतरली. पुढे होता तो बाप, साठीचा, ताठ, मिशा कातरलेल्या, फौजेतून हवालदार होऊन निवृत्त झालेला. इतर दारातच थांबले. तो चपला काढून आत आला आणि हात जोडून उभा राहिला.

सुरुवातीला तो फार अदबीने बोलला. ऊस आहे, दोन पोरी दिल्या, हा एकच मुलगा. लहानपणापासून कुणाच्या अंगावर हात टाकला नाही. मारलं ते त्या दुसऱ्याने आणि यंत्राचे पाहुणे काय ते खरं बोलले, पण कंपनीने ते दाबलं. सगळ्या गावाला ठाऊक आहे. आता ते परदेशी बोलणं फक्त मला कळतं, तेव्हा मी एवढं करायचं, त्या कंसात दुसऱ्याचं नाव लिहायचं.

मी म्हटलं, मला तिथे काही ऐकू येत नाही. त्याने पुन्हा विनवलं. मी पुन्हा तेच म्हटलं. तिसऱ्यांदा त्याचा आवाज चढला.

“आवं, ऐकू येत न्हाई तर मग तुमाला कशाला बशिवलंय हितं? तुमालाबी पैसं पोचलं व्हय कंपनीचं?”

मी त्याला घरातून चालते व्हा म्हणाले. त्याने टेबलावरचे हेडफोन उचलले आणि आपटले. पहिल्याच दणक्यात पट्टी तुटली, एक कानपट्टा उडून कोपऱ्यात गेला. तरी तो आपटत राहिला. वायर हाताला गुंडाळली गेली होती, प्लास्टिकचे तुकडे माझ्या तोंडावर उडत होते आणि तो आपटतच होता. डोळे माझ्याकडे नव्हते, कुठेच नव्हते. मी स्वयंपाकघराच्या दारात होते. ओट्यावर खलबत्ता होता. बत्ता माझ्या हातात कधी आला ते मला कळलं नाही, पण तो डोक्याच्या वर गेला होता एवढं आठवतं. हातात लोखंड आलं की हात आपोआप वर जातो. मी तो मारला असता. त्याच्या टाळूवर नेमकी जागासुद्धा बघून ठेवली होती.

मागचे कारागीर आवाज ऐकून धावत आले. दारातल्या माणसांनी त्यांना ढकललं, ते उंबऱ्यावर आदळले आणि त्यांचं कपाळ फुटलं. रक्त बघून सगळेच थांबले. हवालदारांनी हातातलं भंगार खाली टाकलं. मी बत्ता खाली घेतला, पण ठेवला नाही.

आणि मग मी ओरडले. इतक्या मोठ्याने मी आयुष्यात कधी बोलले नव्हते. “ती मोकळी जागा तुमच्या पोराच्या बाजूची आहे. त्यांनी ती भरली म्हणून तो आत बसलाय. आता मीही भरली, तर त्यांच्यात नि माझ्यात फरक काय राहिला? जा, तुमच्या वकिलाला विचारा.”

त्याने माझ्या हातातल्या बत्त्याकडे बघितलं. मग कारागिरांपाशी गेला, खांद्यावरचा टॉवेल काढून त्यांच्या कपाळाला दाबून धरला, आणि जीपमध्ये जाऊन बसला. मी तक्रार केली नाही. का केली नाही, असं घरच्यांनी पुष्कळ विचारलं. माझाही हात वर गेला होता, हे त्यांना कसं सांगायचं ते कळेना.

खटला उभा राहायला बराच काळ गेला. थोरल्या तंत्रज्ञाची साक्ष व्हिडिओवर घ्यायची ठरली, आणि दुभाषी म्हणून मला सांगलीच्या कोर्टात बोलावलं. कोर्ट उठायची वेळ घेतली होती, कारण तिकडे तेव्हा उजाडत होतं. पडद्यावर तो स्वेटर घालून बसला होता, मागे हिरवी भिंत, कुठे तरी कोंबडा आरवत होता. आवाजावरून मी त्याला केव्हाची ओळखत होते, तोंड पहिल्यांदाच बघत होते. आधी मला शपथ दिली. दुभाष्याने साक्षीदाराचं बोलणं ‘मी’ म्हणूनच सांगायचं असतं, ‘तो म्हणतो’ असं म्हणायचं नाही. मागच्या बाकावर हवालदार बसले होते. आरोपीच्या जागी पोरगा उभा होता, बापासारखाच ताठ.

सरकारी वकिलांनी विचारलं, काय पाहिलंत. तो पुन्हा अडखळला. एस्ते… पुएस… मी खाली वाकलो होतो, गडबड झाली, वर बघितलं तेव्हा माणूस पडलेला होता, नक्की सांगता येत नाही. मी प्रत्येक ‘म्हणजे’ सांगत गेले. सरकारी वकिलांचा चेहरा उतरला. जबाबातलं ठसठशीत वाक्य डोळ्यांसमोर विरघळत होतं. मला बरं वाटलं, हे लपवून काय करू. पोरगा सुटतोय असं त्या खोलीत सगळ्यांनाच वाटलं.

बचावाच्या वकिलांनी तिथेच थांबायला हवं होतं. त्यांच्या मनातही तेच असावं, कारण ते कागद आवरायला लागले होते. पण मागून हवालदार उठून पुढे आले, वाकून त्यांच्या कानाशी काही बोलले आणि माझ्याकडे बोट दाखवलं. नंतर वकिलांनीच मला सांगितलं, म्हातारा म्हणाला, ती मोकळी जागा आपली हाय, त्या ताईंनी सांगितलंय, तेवढं विचारल्याबिगर सोडू नका. अशिलाचा बाप हटूनच बसला. वकिलांनी परवानगी मागितली आणि रेकॉर्डिंगचा तो तुकडा लावला.

‘तो पातोहो तिथं… तिथंच होता…’ मग ग्राइंडर. मग ‘त्याने त्याला हाणलं.’ वकिलांनी विचारलं, मधे तुम्ही काय म्हणालात ते कोणालाच ऐकू येत नाही, बरोबर? ते तुम्हाला तरी आठवतं का? मी प्रश्न स्पॅनिशमध्ये सांगितला.

त्याने स्वेटरच्या बाहीने तोंड पुसलं. मग म्हणाला, “फीहेसे के…”

आता काही तरी नको असलेलं ऐकायचंय, हे मला कळलं. कोर्टात दुसऱ्या कुणालाच अजून काही कळलं नव्हतं.

“त्याचं असं झालं बघा,” मी म्हटलं, “तिथे मी आवाज खाली घेतला. मशीनमुळे नाही. मी मुद्दाम घेतला. तो पोरगा रोज आमच्यासाठी पेरू आणायचा, मीठ-तिखट लावून. माझी भाषा येत नव्हती तरी बसून गप्पा मारायचा. त्याचं नाव घेणारा मी होऊ नये असं मला वाटलं.”

मग तो थांबला नाही. एकही एस्ते नाही, एकही पुएस नाही. यंत्राबद्दल बोलला होता तसा सरळ बोलत गेला, आणि मी त्याच्या मागोमाग. सुपरवायझरने त्या पोराच्या सगळ्यांसमक्ष दोनदा कानफटात मारली होती. आईवरून शिवी दिली असावी, शब्द कळला नाही, पण तोंड बघून कळलं. पोराने पाना घेतला. दुसरा फिटर मधे पडला, त्याला ढकललं. “पहिल्या फटक्यातच तो माणूस खाली गेला होता,” मी बोलत होते, “गुडघ्यावर. त्याने हात वर केला होता, बस म्हणून. तरी तो मारत राहिला. माणूस हलायचा थांबला, तरी मारत राहिला. त्याचे डोळे कोणाकडेच नव्हते. मग एकदम पाना टाकला आणि त्या माणसाचं डोकं मांडीवर घेऊन रडायला लागला.” आणि पडद्यावर त्याने तळहात टेबलावर आपटला. आसी. धाड. मीही तळहात आपटला असता, पण शपथ बोलणं सांगण्यापुरती होती, म्हणून राहिले. नुसतं म्हटलं, “असं.”

पेरूच्या नावालाच पोरगा खाली बघायला लागला होता. आता त्याने मान वर करून बापाकडे बघितलं. बापाने स्वतःच्या हातांकडे बघितलं. तळवे उलटे केले, सुलटे केले, आणि मांडीवर ठेवून दिले. बचावाचे वकील मला पुन्हा पुन्हा विचारत होते, भाषांतर बरोबर आहे ना? मी हो म्हटलं. आयुष्यात इतकं अचूक भाषांतर माझ्या हातून क्वचित झालं असेल, आणि तेव्हा मला त्याचा संताप आला होता.

बाहेर आवारात सगळे पांगले होते. मी रिक्षाची वाट बघत उभी होते. हवालदार आले. मी मनाची तयारी केली, म्हटलं मारू दे, शिव्या देऊ दे. मीच सांगितलं होतं, ती जागा तुमच्या पोराची आहे म्हणून. त्यांनी ते फौजेतल्या हुकमासारखं धरून ठेवलं आणि स्वतःच्या हाताने पोराला त्यात घातलं.

ते जवळ येऊन उभे राहिले. आवाज अगदी साधा होता.

“ताई, त्यो बोलला तेवढंच तुमी बोलला न्हवं?”

“हो.”

“वरचं काय बी न्हाई?”

“नाही.”

त्यांनी मान हलवली. मग म्हणाले, “मग आता भरा ती जागा. माज्या पोराचं नाव लिवा तितं.”

मी त्यांना सांगायचा प्रयत्न केला, की आजची साक्ष वेगळ्या कागदावर लिहिली गेली आहे. त्या दिवशीच्या रेकॉर्डिंगमध्ये ते ऐकू येत नव्हतं, अजूनही येत नाही, म्हणून तो कंस तसाच राहणार. त्यांना ते पटलं नाही. त्यांना वाटलं, मी दया करतेय. हात जोडून म्हणाले, “नगा ठिवू मोकळी. मोकळी बगितली की मला रोज वाटंल, दुसरं काय तरी असंल तितं.”

मी ती भरली नाही. निकाल लागला, पोरगा आत आहे. माझ्याकडची फाइल नियमाप्रमाणे मी नष्ट केली, पण कोर्टाच्या कागदात ते पान आहे, खाली माझी सही आहे, आणि मधे ‘अस्पष्ट’ हा शब्द आहे. दर उन्हाळ्यात हवालदार एकदा येतात. चपला काढून आत येतात, पाणी पितात, मागच्या कारागिरांच्या कपाळावरच्या खुणेची चौकशी करतात, आणि जाताना विचारतात, भरली का.